गुळाच्या अहवालातला सत्तरचा आकडा

कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी आणि त्यानंतरही शाहू मार्केट यार्डातला सौदा मुख्यतः रंगावर होत आला आहे. फिकट, सोनेरी पिवळा रवा वरच्या दराने जातो, काळपट रवा मागे पडतो. गुऱ्हाळावर रस उकळताना मळी काढायला भेंडीचा चिकट पाला-खोड वापरण्याची जुनी रीत आहे. पण रंग उजळवायचा सोपा मार्ग म्हणजे हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पांढरी पावडर. ती कायलीत पडली की काकवीचा रंग पाहता पाहता उतरतो. मागे राहतो तो गंधक, सल्फाइटच्या रूपात. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नियमांत गुळासाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे.

आता समजा, एका गुऱ्हाळाच्या गुळाचा अहवाल आला आणि त्यात आकडा आहे 74. हा गूळ मर्यादेबाहेर गेला का? बहुतेकांचे उत्तर लगेच 'हो' असेल. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या व्यवस्थेत ज्या तीन विषयांवर सर्वांत जास्त प्रश्न विचारले जातात, म्हणजे पद्धतीचे व्हॅलिडेशन, मोजमापातील अनिश्चितता आणि प्रावीण्य चाचणी, ते तिन्ही विषय या एका 'हो'च्या आड उभे आहेत. प्रयोगशाळांत त्यांच्या तीन वेगळ्या फाइली असतात, तीन वेगळ्या माणसांनी तयार केलेल्या, आणि ॲसेसरने मागितल्यावर तीन वेगळ्या कपाटांतून निघणाऱ्या. माझे म्हणणे असे की या तीन फाइली एकच विधान करतात, आणि त्या एकमेकींशी जुळत नसतील तर त्यातली एकही खरी नाही. हा आढावा गुळातल्या सल्फर डायऑक्साइडच्या एका चाचणीपुरताच ठेवला आहे, कारण सगळे प्रश्न या एका चाचणीत भेटतात.

चाचणी मोनिअर-विल्यम्स नावाने ओळखली जाते. तिची सुधारित आवृत्ती एओएसीच्या पद्धतींत 990.28 या क्रमांकाने आहे आणि ती संदर्भ पद्धत म्हणून मोठ्या प्रमाणावर धरली जाते. सुमारे 50 ग्रॅम नमुना पाण्यात घेऊन फ्लास्कमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर पावणेदोन तास उकळायचा. सतत नायट्रोजन सोडायचा, म्हणजे मोकळा झालेला सल्फर डायऑक्साइड कंडेन्सरमधून पुढे ढकलला जातो आणि 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये जाऊन त्याचे गंधकाम्ल होते. ते आम्ल 0.01 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचे. मिथाइल रेड लाल सोडून पिवळा झाला की थांबायचे. हिशेब साधा आहे:

SO₂ (mg/kg) = 32.03 × V × N × 1000 / W

यात V म्हणजे ब्लँक वजा जाता लागलेले मिलिलिटर, N म्हणजे टायट्रंटची नॉर्मॅलिटी, W म्हणजे नमुन्याचे ग्रॅम. आपल्या उदाहरणात 50 ग्रॅम गुळाला ब्लँक वजा जाता 11.5 मिलिलिटर लागले. नॉर्मॅलिटी 0.0100. उत्तर 73.7, अहवालात 74. हे आणि पुढचे उदाहरणाचे आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, कोणा एका प्रयोगशाळेचे नाहीत. पण अशा चाचणीत भेटणारे आकडे याच मापाचे असतात.

पहिला प्रश्न ॲसेसर विचारतो तो पद्धतीचा. पद्धत तर प्रमाणित आहे, जगाने तपासलेली आहे, मग आम्ही पुन्हा काय सिद्ध करायचे, असे उत्तर प्रयोगशाळेतून येते. आयएसओ/आयईसी 17025 च्या 2017 च्या आवृत्तीत याचे उत्तर 7.2 या कलमात आहे. प्रमाणित पद्धत जशीच्या तशी वापरत असाल तर संपूर्ण व्हॅलिडेशन लागत नाही. आपल्या हातून, आपल्या उपकरणांवर ती पद्धत अपेक्षित कामगिरी देते एवढे दाखवावे लागते, त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. पण पद्धतीत बदल केला, किंवा ती मूळ व्याप्तीच्या बाहेर वापरली, तर व्हॅलिडेशन आलेच. आता प्रामाणिकपणे विचारू: तुमच्याकडे नायट्रोजनचा प्रवाह मोजतात की फक्त बुडबुडे बघतात? पावणेदोन तासांऐवजी तासाभरात उकळणे थांबवतात का? या दोन्ही गोष्टी छोट्या दिसतात, पण यातली एक जरी केली तरी पद्धत प्रमाणित राहिलेली नसते.

गुळाच्या बाबतीत व्हेरिफिकेशनचा खरा अर्थ दोन ठिकाणी लागतो. पहिले ठिकाण खोट्या वाढीचे. टायट्रेशन आम्ल मोजते. ते आम्ल गंधकाचेच आहे की दुसरे कुठले, हे त्याला कळत नाही. कंडेन्सरमधले पाणी पुरेसे थंड नसेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश पुढे जातो आणि तोही मोजला जातो. मूळ पद्धत त्यासाठी सुमारे 5 अंशांवरचे थंडगार पाणी चिलरमधून फिरवायला सांगते. एप्रिलमध्ये कोल्हापुरात नळाचे पाणी कंडेन्सरला लावून ही चाचणी करणे म्हणजे निकालात दोन-चार मिलिग्रॅम विनाकारण मिळवणे. शिवाय आंबलेल्या गुळात अॅसिटिक आम्लासारखी उडून जाणारी आम्ले असू शकतात, त्यांचाही भार टायट्रेशनवर पडतो. म्हणून हायड्रॉस न घातलेला, डोळ्यांसमोर तयार करून घेतलेला गूळ या चाचणीतून अनेकदा काढला पाहिजे. त्यात काय वाचन येते, यावरच पुढचा सगळा भरवसा अवलंबून आहे. शंका आली तर पेरॉक्साइडच्या द्रावणातला सल्फेट बेरियम सल्फेट म्हणून पाडून वजन करायचे, ही खातरजमा मूळ पद्धतीतच दिलेली आहे. सध्या ती क्वचितच केली जाते, आणि हे मला खटकते, कारण वादाच्या नमुन्यात तीच निर्णायक ठरू शकते.

दुसरे ठिकाण खोट्या घटीचे, म्हणजे रिकव्हरीचे. ज्ञात प्रमाणात सल्फाइट गुळात मिसळायचे आणि त्यातले किती परत सापडते ते बघायचे. इथे एक घोळ फार ठिकाणी होतो. लोक सोडियम सल्फाइट किंवा मेटाबायसल्फाइट पाण्यात विरघळवून नमुन्यात टाकतात. ते द्रावण हवेतच ऑक्सिडाइज होत असते, म्हणजे घातलेले प्रमाण घालतानाच नक्की नसते. शिवाय गुळातल्या ग्लुकोजसारख्या शर्करांशी सल्फाइट बांधले जाते. खऱ्या गुळात ते महिनाभर मुरलेले असते, तर तुमच्या प्रयोगात पाच मिनिटांपूर्वी टाकलेले. मोकळे सल्फाइट उकळताना सहज सुटते, बांधलेले उशिरा सुटते. म्हणून रिकव्हरीसाठी सोडियम हायड्रॉक्सिमिथाइल सल्फोनेट वापरतात. ते स्थिर असते आणि बांधलेल्या सल्फाइटसारखे वागते. त्याची रिकव्हरी 80 टक्क्यांखाली गेली तर आधी उपकरणाच्या सांध्यांत गळती शोधायची.

समजा आपल्या प्रयोगशाळेने हे नीट केले. वेगवेगळ्या दिवशी 10 वेळा रिकव्हरी घेतली. सरासरी 94 टक्के आली आणि त्या सरासरीतली अनिश्चितता दीड टक्का निघाली. म्हणजे पद्धत शंभरातले सहा हरवते, आणि ही घट योगायोगाची नाही, कारण सहाचा फरक दीडच्या चौपट आहे. हा एक आकडा, 94, लक्षात ठेवा. आपल्या गुळाचे भवितव्य शेवटी त्याच्याशी येऊन थांबते.

आता अनिश्चितता. 17025 चे 7.6 कलम म्हणते की अनिश्चितता वाढवणारे सगळे घटक ओळखा आणि महत्त्वाचे घटक हिशेबात घ्या. फाइलीत हमखास काय सापडते? तराजूचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, ब्युरेटचे प्रमाणपत्र, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटची शुद्धता, आणि दहा पानी तक्ता. तो तक्ता उघडून बघू. 50 ग्रॅमच्या वजनात तराजूची चूक दोन शतांश टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नगण्य. टायट्रंटची नॉर्मॅलिटी अर्ध्या टक्क्यापर्यंत. ब्युरेट, शेवटच्या थेंबाचा रंग आणि ब्लँक मिळून आणखी अर्धा टक्का. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की 0.7 टक्के येतात. दुप्पट केली की विस्तारित अनिश्चितता 1.4 टक्के, म्हणजे आपल्या निकालात एक मिलिग्रॅम. अहवाल म्हणतो 73.7 अधिक-उणे 1.0. गूळ सरळ नापास.

हा हिशेब गणिताने बरोबर आहे आणि अर्थाने चूक आहे. त्यात ज्या गोष्टींचे प्रमाणपत्र मिळते त्याच मोजल्या आहेत. एकच गूळ दोन माणसांनी दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या फ्लास्कमध्ये केला तर निकालात जो फरक पडतो, तो त्यात कुठेच नाही. उकळण्याचा जोर, नायट्रोजनचा वेग, सांध्यांना लावलेले ग्रीस, गूळ कुटताना उडालेला वायू, हे सगळे त्या फरकात असते. महिनोन्महिने केलेल्या दुहेरी चाचण्यांवरून तो काढता येतो, आणि या पद्धतीत तो 4 टक्के आला तर चांगलेच काम मानावे. आता 0.5, 0.5, रिकव्हरीचे 1.5 आणि हे 4 टक्के एकत्र करू. वर्गांची बेरीज 18.75, वर्गमूळ 4.3 टक्के. 73.7 वर मानक अनिश्चितता 3.2, विस्तारित 6.4. निकाल झाला 73.7 अधिक-उणे 6.4, म्हणजे 67 ते 80. सत्तर त्या पट्ट्याच्या आत आले.

तराजू आणि ब्युरेट पूर्णपणे वगळले असते तरी उत्तर जवळजवळ हेच आले असते. यावरून एक गोष्ट कळते: अनिश्चिततेचा तक्ता किती पानी आहे यावरून त्याची किंमत ठरत नाही. त्यात सर्वांत मोठा घटक कोणता आणि तो स्वतःच्या गुळावर मोजला आहे का, एवढेच आधी पाहायचे. युराकेमची मार्गदर्शिका हेच सांगते: व्हॅलिडेशनमधून मिळालेली अचूकतेची आणि रिकव्हरीची माहिती घ्या, उरलेले तेवढेच स्वतंत्र मोजा. म्हणजे व्हॅलिडेशनची फाइल नीट झाली असेल तर अनिश्चिततेची फाइल तिच्यातूनच निघते. दोन्हींचे आकडे जुळत नसतील तर एक कुणीतरी नुसती भरून ठेवलेली आहे.

आता रिकव्हरीकडे परत जाऊ. पद्धत शंभरातले 94 शोधते हे माहीत असताना निकाल दुरुस्त करायचा की नाही? दुरुस्त केला तर 73.7 भागिले 0.94, म्हणजे 78.4. त्याची विस्तारित अनिश्चितता 6.8. पट्टा 71.6 ते 85.2. आता सत्तर पट्ट्याच्या बाहेर आहे आणि गूळ निःसंशय नापास आहे. नमुना तोच, टायट्रेशन तेच, माणूस तोच. एका भागाकाराने शंकेची जागा खात्रीने घेतली.

मापनशास्त्राचे सर्वसाधारण तत्त्व असे की माहीत असलेली ठळक चूक दुरुस्त करावी. पण अन्नातल्या मर्यादा ठरवताना अनेकदा एक विशिष्ट पद्धत आणि तिचे न दुरुस्त केलेले निकाल गृहीत धरलेले असतात, आणि मोनिअर-विल्यम्स चालवणाऱ्या प्रयोगशाळा सर्वसाधारणपणे निकाल दुरुस्त न करता देतात. माझे मत असे की सल्फाइटच्या बाबतीत दुरुस्ती करू नये, कारण त्यासाठी लागणारी रिकव्हरी खऱ्या, मुरलेल्या गुळाची नसून आपण घातलेल्या पदार्थाची असते. पण ती न करण्याचा निर्णय लिहिलेला असावा, रिकव्हरीचा आकडा अहवालात असावा आणि नियम नमुन्यागणिक बदलू नये. एक नमुना दुरुस्त, दुसरा न दुरुस्त, अशी सोयीची रीत जिथे आहे तिथे अहवालाला काही अर्थ उरत नाही.

पट्ट्यात सत्तर आले तर अहवालात काय लिहायचे? 17025 मध्ये याला निर्णय-नियम म्हणतात. 7.1.3 प्रमाणे तो ग्राहकाशी चाचणीआधी ठरवून घ्यायचा असतो आणि 7.8.6 प्रमाणे अहवालात नमूद करायचा असतो. इथे एक व्यावहारिक सत्य आहे जे गूळवाल्यांनीही समजून घ्यावे. गूळ बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला खात्री हवी असते की माल सत्तरच्या आतच आहे. त्याच्यासाठी पंचाण्णव टक्के खात्रीचा नियम लावला तर स्वीकाराची रेषा सत्तरवर नसून पासष्टच्या आसपास येते. उलट, एखाद्या उत्पादकावर कारवाई करायची असेल आणि गूळ मर्यादेबाहेरच आहे हे पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर रेषा पंचाहत्तरच्या आसपास जाते. मधल्या पट्ट्यातल्या गुळाबद्दल प्रामाणिक प्रयोगशाळा 'नक्की सांगता येत नाही' म्हणू शकते. आपला 73.7 त्याच पट्ट्यात आहे. तो खरोखर सत्तरच्या वर असण्याची शक्यता सुमारे 88 टक्के निघते. व्यापाऱ्याने घेऊ नये इतकी ती जास्त आहे, पण शिक्षा द्यायला पुरेशी आहे का हा प्रयोगशाळेने सोडवायचा प्रश्न नाही. तिने तो लपवू मात्र नये. निर्णय-नियम न लिहिता नुसते 'मानकांनुसार नाही' असे छापणे म्हणजे तो निर्णय गुपचूप स्वतः घेणे होय.

इथे कायद्याची एक तरतूद महत्त्वाची ठरते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 च्या कलम 47 प्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि उत्पादकाने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. दोन अहवाल जुळले नाहीत तर अधिकारी त्याच्याकडचा भाग रेफरल प्रयोगशाळेत पाठवतो आणि तिचा निर्णय अंतिम असतो. 'जुळत नाहीत' म्हणजे नेमका किती फरक, याचा आकडा त्या कलमात नाही. मग मापनशास्त्र काय सांगते? अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ विल्यम हॉर्विट्झ यांनी 1980 च्या सुमारास अनेक आंतरप्रयोगशाळा अभ्यास एकत्र करून एक सूत्र दिले, ज्यावरून कोणत्या पातळीवर प्रयोगशाळांमध्ये साधारण किती विखुरणी असते ते कळते. किलोला 70 मिलिग्रॅमवर ती 8.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 6 मिलिग्रॅम. तिला 2.8 ने गुणले की दोन चांगल्या प्रयोगशाळांच्या एकेका निकालातला फरक शंभरातल्या पंचाण्णव वेळा कितीच्या आत राहील ते मिळते: सुमारे 16 मिलिग्रॅम. म्हणजे एकीने 74 आणि दुसरीने 64 दिले तर दोघींपैकी कुणी चुकले असे म्हणता येत नाही. ज्याला या दहाच्या फरकात भ्रष्टाचार दिसतो त्याने आधी हा सोळाचा आकडा बघावा. मात्र एकीने 74 आणि दुसरीने 40 दिले, तर कुठेतरी गळती, कमी उकळणे किंवा नमुन्याची अदलाबदल शोधलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही फाइलीत नसते. गुळातले सल्फाइट साठवणीत कमी होत जाते. हायड्रॉसने उजळलेला गूळ काही आठवड्यांत पुन्हा काळवंडू लागतो, हे गुऱ्हाळावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि रासायनिकदृष्ट्या ते त्याच घटीचे लक्षण आहे. कायद्याने अन्न विश्लेषकाला 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अपील, रेफरल यांत पुढे आठवडे जातात. म्हणून चौथ्या भागाचा निकाल पहिल्यापेक्षा कमी येणे हे अपेक्षितच आहे. नमुना घेतल्याची तारीख, तो कसा ठेवला, चाचणी कधी केली, या तीन नोंदी नसतील तर दोन अहवालांची तुलना करता येत नाही. शिवाय तीस किलोच्या रव्याच्या कोपऱ्यातला तुकडा आणि मधला तुकडा यांत फरक असू शकतो. प्रयोगशाळेने काढलेली अनिश्चितता बाटलीतल्या गुळाची आहे, वाफ्यात ओतलेल्या सगळ्या गुळाची नाही.

तिसरा विषय प्रावीण्य चाचणी, ज्याला सगळे पीटी म्हणतात. एक आयोजक एकच एकजीव नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवतो आणि आलेल्या निकालांना गुण देतो. सर्वांना परिचित आहे तो झेड-स्कोअर: आपला निकाल वजा ठरवलेले मूल्य, भागिले आयोजकाने मान्य केलेली विखुरणी. दोनच्या आत समाधानकारक, दोन ते तीन शंकास्पद, तीन किंवा त्यापुढे असमाधानकारक. एनएबीएलचा पीटीवरचा दस्तऐवज 163 प्रयोगशाळेला पीटीत सहभागाची आखणी करायला लावतो, आणि म्हणून ॲसेसरच्या भेटीआधी स्कोअरशीट फाइलला लागते. दोनच्या आत आहे ना, मग प्रश्न मिटला, असा समज पसरला आहे.

तो किती अपुरा आहे ते आपल्याच उदाहरणात बघू. समजा सल्फाइटच्या एका फेरीत ठरवलेले मूल्य 62 आहे, त्याची स्वतःची मानक अनिश्चितता 1, आणि विखुरणी हॉर्विट्झप्रमाणे 5.3. आपल्या प्रयोगशाळेने 55 दिले. झेड-स्कोअर उणे 1.3, समाधानकारक, टाळ्या. पण याच प्रयोगशाळेने आपली मानक अनिश्चितता 4.3 टक्के आहे असे लिहून दिले आहे, म्हणजे 55 वर सुमारे 2.4. तिचा दावा खरा असेल तर सातचा फरक तिच्या आणि मूल्याच्या एकत्रित अनिश्चिततेच्या, म्हणजे 2.6 च्या, साधारण दुपटीत बसायला हवा. सात भागिले 2.6 म्हणजे 2.7. याला झीटा-स्कोअर म्हणतात आणि तोही साधारण दोनच्या आत हवा. इथे तो बाहेर आहे. म्हणजे ही प्रयोगशाळा इतरांच्या तुलनेत ठीक आहे, पण स्वतःच्याच शब्दाला खरी उतरत नाही. तिची अनिश्चितता कमी सांगितली गेली आहे, किंवा तिच्यात मोजलेल्यापेक्षा जास्त घट आहे. 55 भागिले 62 म्हणजे 0.89. घरच्या प्रयोगात रिकव्हरी 94 होती, बाहेरच्या मुरलेल्या नमुन्यात 89 दिसते. बांधलेले सल्फाइट उशिरा सुटते, हे वर सांगितलेले कारण इथे प्रथम तपासायचे: उकळण्याचा वेळ पूर्ण होतो का, नायट्रोजन पुरेसा आहे का, सांधे बंद आहेत का.

पीटीचा उपयोग इथे कळतो. ती व्हॅलिडेशनच्या रिकव्हरीची आणि अनिश्चिततेच्या तक्त्याची बाहेरून केलेली उलटतपासणी आहे. एका फेरीतला उणे 1.3 काही सिद्ध करत नाही. पण चार फेऱ्या सलग उणे 1.3, उणे 0.9, उणे 1.6, उणे 1.1 आल्या तर प्रत्येक वेळी 'समाधानकारक' छापूनही ठाम घट उघड झालेली असते. हे बघायला स्कोअर एका आलेखावर काळाच्या क्रमाने मांडावे लागतात. फाइलमध्ये प्रत्येक स्कोअरशीट वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की ते दिसत नाही.

पीटीला मर्यादाही आहेत. गुळाच्याच मॅट्रिक्समधली सल्फाइटची फेरी हवी त्या वेळी मिळतेच असे नाही. मग सुक्या मेव्यातली किंवा साखरेतली फेरी घेऊन समाधान मानावे लागते. साखरेत गुळासारख्या मोकळ्या शर्करा आणि आम्ले जवळजवळ नसतात, म्हणून साखरेतले यश गुळाला लागू होत नाही. सल्फाइट स्वतःच नाहीसे होणारे असल्याने आयोजकाला नमुना एकजीव आणि स्थिर असल्याचे सिद्ध करावे लागते, ज्याचे निकष आयएसओ 13528 मध्ये आहेत. आणि सर्वांत गंभीर दोष माणसांचा आहे. पीटीचा नमुना आला की ज्येष्ठ विश्लेषक स्वतः बसतो, तीनदा करतो, सरासरी देतो. रोजचा नमुना मात्र नवीन मुलगा एकदा करतो. अशा वेळी स्कोअर ज्येष्ठाचा असतो आणि अहवाल नवशिक्याचा. पीटीचा नमुना रोजच्या रांगेत, रोजच्या माणसाकडे, रोजच्याच एका चाचणीने जायला हवा.

पीटी मिळत नसेल तर दोन-चार प्रयोगशाळांनी आपसात तुलना करावी, असेही 17025 चे 7.7.2 कलम सुचवते. कोल्हापूरपुरते बोलायचे तर याला सर्वांत अनुकूल जागा इथेच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र शहरात आहे, जवळच करवीर, पन्हाळा, कागलची गुऱ्हाळे आहेत, आणि हायड्रॉस घातलेला व न घातलेला गूळ दोन्ही एकाच हंगामात उपलब्ध होतात. एका कायलीचा गूळ दळून, चाळून, नायट्रोजनखाली बाटल्यांत भरावा. त्यातल्या दहा बाटल्या दोनदा तपासून एकजीवपणा बघावा. थंडीत ठेवून महिन्याने पुन्हा तपासून घट मोजावी. अशी एक तुकडी परिसरातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी, शासकीय आणि खासगी दोन्ही, वर्षातून दोनदा वाटून घ्यावी, एकदा ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी आणि एकदा हंगामाच्या मध्यावर. खर्च चाचणीच्या रसायनांपलीकडे फारसा नाही.

तोपर्यंत गुऱ्हाळवाल्यांना, व्यापाऱ्यांना आणि गुळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: अहवाल हाती आल्यावर सत्तरच्या वर की खाली एवढेच पाहू नका. पद्धतीचा क्रमांक, रिकव्हरीचा टक्का आणि त्यानुसार निकाल दुरुस्त केला की नाही, अधिक-उणे आकडा, निर्णय-नियम आणि चाचणीची तारीख, या पाच गोष्टी मागा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे त्या असायला हव्यात, आणि मागितल्यावर तिने त्या द्यायला हव्यात.